सतरा तारखेला आलेल्या मुलाचं पहिलं बिल : अभ्यासिकेचं मासिक शुल्क, दिवसांचा हिशेब आणि सरकणारी तारीख

सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवणाऱ्यांना महिन्याच्या शुल्काचा हिशेब सुरुवातीला फारच सोपा वाटतो. शुल्क ठरलेलं, खुर्च्या मोजलेल्या, वही तयार. पण मुलं काही एक तारखेची वाट बघून येत नाहीत. कुणी सतराला येतो, कुणी एकतीसला, कुणी रात्री एक वाजता फोनवरूनच जागा घेतो. वर्षभरानं वही उघडली की जो सतराला आला होता त्याची तारीख बारा झालेली असते, एकतीसवाला अठ्ठावीसवर अडकलेला असतो, आणि कुणाचं किती येणं आहे हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

हा लेख नव्यानं अशी जागा चालवायला घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण अभ्यासिकेचं आहे, पण मेस, जिम, योगवर्ग किंवा एखादं छोटं ॲप यांचा हिशेबही असाच चालतो. आकडे धरू : साठ खुर्च्या, महिना १,८०० रुपये, आणि मुलगा १७ जुलैला आला.

आधी ठरवा : महिना कुणाचा?

दोनच पद्धती आहेत. पहिलीत महिना मुलाचा. १७ जुलैला आला, तर त्याचा महिना १७ जुलै ते १६ ऑगस्ट, पुढचं शुल्क १७ ऑगस्टला. पहिल्याच दिवशी पूर्ण १,८०० घ्यायचे, तुकड्यांचा प्रश्नच नाही. दुसरीत महिना कॅलेंडरचा. सगळ्यांचं शुल्क एक तारखेला, आणि मध्येच आलेल्याकडून उरलेल्या दिवसांचे पैसे आधी घ्यायचे. यालाच बिलिंगवाले प्रोरेटा म्हणतात.

साठ खुर्च्यांसाठी दुसरी पद्धत आम्ही बरी मानतो. पहिल्या पद्धतीत रोज सकाळी वही उघडून आज कुणाची तारीख आहे ते बघावं लागतं, आणि दोन दिवस बघायचं राहिलं की दोन मुलं फुकट बसतात. एक तारखेच्या पद्धतीत वसुली चार-पाच दिवसांत उरकते. गावाकडून मुलांचे पैसेही बहुधा महिन्याच्या सुरुवातीलाच येतात. दहा-बारा मुलंच असतील तर पहिली पद्धत चालवा, त्यात पहिल्या दिवसाचा हिशेब समजावत बसावं लागत नाही.

दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका. ‘जुन्या मुलांचं त्यांच्या तारखेला, नव्यांचं एक तारखेला’ असं चालू राहिलं तर सहा महिन्यांत कोण कोणत्या पद्धतीत आहे हेच आठवत नाही.

पहिल्या बिलाचा हिशेब

१७ ते ३१ जुलै किती दिवस? बरेच जण एकतीसातून सतरा वजा करून चौदा म्हणतात. पण मुलगा सतरा तारखेलाही बसला आहे. दोन्ही टोकं धरून पंधरा दिवस होतात. वजाबाकीनंतर एक मिळवायचा राहतो, ही या हिशेबातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक. चौदा दिवसांचे ८१२.९० रुपये होतात, पंधराचे ८७०.९७. एका मुलामागे फरक ५८ रुपयांचाच आहे, पण एका मुलाला चौदा आणि त्याच्या मित्राला पंधरा दिवस लावले की काउंटरवर वाद ठरलेला.

दुसरा प्रश्न भागायचं कशानं. इथे तीन रीती चालतात आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. त्या महिन्याच्या खऱ्या दिवसांनी, म्हणजे एकतीसनं भागलं तर ८७०.९७. सरसकट तीसनं भागलं तर ९००. वर्षाचे २१,६०० रुपये तीनशे पासष्टनं भागून दिवसाचा दर काढला तर ८८७.६७.

तीसनं भागणं तोंडी हिशेबाला सोपं, म्हणून लोकप्रिय आहे. दिवसाला साठ रुपये, गुणा आणि मोकळे व्हा. पण कडेच्या तारखांना ते फसतं. २ जुलैला आलेल्या मुलाचे तीस दिवस उरतात, म्हणजे पूर्ण १,८००. एक दिवस उशिरा येऊनही सूट शून्य. १ तारखेला आलेल्याला हेच सूत्र लावलं तर १,८६० येतात, महिन्याच्या शुल्कापेक्षा साठ जास्त. फेब्रुवारीत बरोबर उलटं होतं : २ तारखेला आलेल्याचे सत्तावीस दिवस उरतात, त्याचे १,६२० होतात. एकच दिवस कमी बसणार आणि १८० रुपये वाचवणार.

महिन्याच्या खऱ्या दिवसांनी भागलं की हे प्रश्न येतच नाहीत. १ तारखेला आलेल्याला नेमकं पूर्ण शुल्क लागतं आणि पुढे दर दिवसाला रक्कम सारख्या पायरीनं उतरते. दिवसाचा दर जुलैत ५८.०६ आणि फेब्रुवारीत ६४.२९ असा बदलतो खरा, पण महिन्याचं शुल्क एकच ठेवलं की ते होणारच. कुणी विचारलं तर तेवढंच सांगावं.

शीटच्या `B2` मध्ये येण्याची तारीख आणि `C2` मध्ये महिन्याचं शुल्क ठेवलं असेल तर सूत्र असं :

```
=ROUND(C2*(EOMONTH(B2,0)-B2+1)/DAY(EOMONTH(B2,0)),2)
```

`EOMONTH` महिन्याचा शेवटचा दिवस देतं, `+1` म्हणजे वर सांगितलेला राहून जाणारा दिवस. रुपयाखालचे पैसे नको असतील तर शेवटच्या `2` च्या जागी `0` लिहा, ८७१ येतील. रुपयात पूर्णांक करायचा की पैशांपर्यंत ठेवायचं हे एकदाच ठरवा. पावतीवर ८७१ आणि बँकेत ८७०.९७ असं दिसलं की महिनाअखेरीला ताळा जुळवताना तीन पैशांसाठी अर्धा तास जातो.

जीएसटीबद्दल थोडक्यात. साठ खुर्च्या वर्षभर भरलेल्या राहिल्या तरी या दरानं उलाढाल १२,९६,००० होते. सेवांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा २० लाखांची आहे, त्यामुळे एवढ्याच जागेला बहुधा नोंदणी लागत नाही. दुसरी शाखा काढून नोंदणी केलीत तर कर दिवसांच्या रकमेवर लावायचा, पूर्ण शुल्कावर नाही : १८ टक्क्यांनी ८७०.९७ वर १५६.७७. आणि १,८०० मध्ये कर धरलेला आहे की वरून लागणार आहे, हे दरपत्रकावर लिहा.

महिना संपत आला असताना

२९ जुलैला मुलगा आला. तीन दिवस उरले, म्हणजे १७४.१९. त्यानं भरले. तीन दिवसांनी १ ऑगस्टला त्याच्या खात्यातून १,८०० गेले. तो सरळ काउंटरवर येतो : ‘काका, दोनदा पैसे कापले.’ हिशेब बरोबर असतो, पण त्याच्या फोनवर चार दिवसांत दोन वजावटीचे संदेश असतात. दुसऱ्या वजावटीचं वडिलांना घरी स्पष्टीकरण द्यायचं असतं ते वेगळंच.

यावर उपाय म्हणजे एक सीमा ठरवणं. महिन्याचे दहा किंवा त्याहून कमी दिवस उरले असतील तर तुकडा वेगळा घेऊच नका, पुढच्या पूर्ण महिन्यासोबत एकत्र घ्या. २९ जुलैला एकदाच १,९७४.१९, आणि पुढची वसुली थेट १ सप्टेंबरला. दहाच का, तर त्याला शास्त्र नाही. सात ठेवा, बारा ठेवा. पण सगळ्यांना तोच आकडा लावा.

पावतीवर कालावधी लिहिला नाही तर हे सगळं वाया जातं. ‘जुलै शुल्क’ असं नुसतं लिहू नका. असं लिहा : ‘कालावधी १७ जुलै ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून १५ दिवस. १,८०० ÷ ३१ × १५ = ८७०.९७. पुढील शुल्क १ ऑगस्टला १,८००.’ मुलाला पहिल्या दिवशी हवी असते ती शेवटची ओळ. पुढे कधी आणि किती जाणार हे त्याला माहीत असेल, तर पहिल्या बिलाचा विचित्र आकडा कुणाला खटकत नाही.

सोडून जाणाऱ्याचंही इथेच ठरवा. येताना दिवस मोजले, मग १० तारखेला सोडताना उरलेल्या दिवसांचे परत का नाहीत, हा प्रश्न येणारच. परत देणार असाल तर तेच सूत्र लावा. देणार नसाल तर ते प्रवेशाच्या पावतीवरच छापलेलं असू द्या.

ऑटोपे लावताना

यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरचा आवर्ती आदेश लावला की वसुलीचा त्रास कमी होतो, पण तारखांना नवे नियम लागतात. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत पहिला व्यवहार मुलगा स्वतः पिन किंवा ओटीपी देऊन मंजूर करतो. त्यानंतरच्या, १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वजावटींना दर वेळी पिन लागत नाही, मात्र प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना जावी लागते.

हे २४ तास महिनाअखेरीला आडवे येतात. ३१ जुलैला संध्याकाळी सहाला मुलानं प्रवेश घेतला, एका दिवसाचे पैसे भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांची वसुली चालवायची ठरलेली आहे. पण त्याला सूचना तासाभरात गेली तरी चोवीस तास १ ऑगस्टच्या संध्याकाळी पुरे होतात. पहाटेची वजावट होऊच शकत नाही. त्यात १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेच्या वजावटी गर्दीच्या वेळा टाळून, म्हणजे सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९.३० सोडून होतात. म्हणून ती रात्री उशिरा किंवा २ तारखेला जाते. एवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे, वजावट ज्या दिवशी झाली त्या दिवसावरून पुढची तारीख मोजली तर. वरची दहा दिवसांची सीमा लावली की ३१ तारखेचा हा पेचच उरत नाही, कारण पुढची वजावट महिनाभर लांब असते.

मॅन्डेटची, म्हणजे वजावटीसाठी मुलानं दिलेल्या मंजुरीची, कमाल रक्कम हा दुसरा अडथळा. मॅन्डेट नेमक्या १,८०० चं घेतलं आणि पुढे शुल्क १,९०० केलं की वजावट नाकारली जाते आणि साठ मुलांकडून नवी मंजुरी घेत फिरावं लागतं. कमाल रक्कम थोडी वर, समजा २,५०० ठेवा. मात्र मुलाच्या फोनवर मंजुरीच्या वेळी तोच मोठा आकडा दिसतो आणि तो दचकतो. त्यामुळे मंजुरी देण्याआधीच सांगा की ही मर्यादा आहे, कापले जाणार १,८००च.

तारीख सरकते ती कशी

बहुतेकांना वाटतं की तारखा मुलांच्या उशिरा भरण्यानं सरकतात. तेही आहे, पण एकही मुलगा उशीर न करता तारखा सरकू शकतात, नुसत्या मोजण्याच्या रीतीमुळे. खाली चार कारणं आहेत, आणि प्रत्येकाची वहीत उमटणारी खूण वेगळी आहे.

पहिलं कारण महिन्याऐवजी तीस दिवस मोजणं. मुलाचा महिना धरणाऱ्या जागांत हे फार दिसतं. १७ जुलैनंतर तीस दिवसांनी १६ ऑगस्ट, मग १५ सप्टेंबर, १५ ऑक्टोबर, १४ नोव्हेंबर, १४ डिसेंबर, १३ जानेवारी, १२ फेब्रुवारी. फेब्रुवारी अठ्ठावीसचा म्हणून तिथून १४ मार्चवर एक उडी पुढे, आणि पुन्हा घसरत १२ जुलै. बारा वेळा तीस म्हणजे तीनशे साठ, वर्षाचे पाच दिवस कमी. मुलानं बारा महिन्यांचे पैसे दिले आणि तेरावं शुल्क पाच दिवस आधी मागितलं गेलं.

मोबाइलच्या अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जनं हे सगळ्यांना शिकवलं आहे : तेरा वेळा अठ्ठावीस म्हणजे ३६४, वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. म्हणूनच ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं किमान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवावी, आणि ती तारीख एखाद्या महिन्यात नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. त्या आदेशातला हा शेवटचा नियम तसाच उचलून आपल्या वहीत ठेवण्यासारखा आहे.

तीस दिवसांची योजना विकणं चुकीचं नाही. पण मग ‘मासिक’ म्हणू नका, ‘तीस दिवस’ म्हणा.

दुसरं कारण महिनाअखेरीची साखळी. हे जास्त फसवं आहे, कारण इथे मोजणारा खरोखर ‘एक महिना’च मोजत असतो. ३१ जानेवारीला आलेल्या मुलाची पुढची तारीख २८ फेब्रुवारी, हे बरोबर. पण त्याच्या पुढची? २८ फेब्रुवारीत एक महिना मिळवला की २८ मार्च येते. तिथून २८ एप्रिल, २८ मे. फेब्रुवारीनं एकदा खाली ओढलं की तो मुलगा परत एकतीसला जात नाही. त्याची मूळ तारीख कुठेच लिहिलेली नसते, वहीत फक्त ‘पुढची तारीख’ असते आणि दर महिन्याला तीच खोडून नवी लिहिली जाते.

तारखांच्या वेगळ्या शीटमध्ये ही चूक अशी दिसते. पहिली रीत साखळीची, दुसरी बरोबर :

```
C2: =EDATE(B2,1)     D2: =EDATE(C2,1)
C2: =EDATE($B2,1)    D2: =EDATE($B2,2)
```

`B2` मध्ये ३१ जानेवारी असताना पहिल्या रीतीनं `D2` मध्ये २८ मार्च येतं, दुसऱ्या रीतीनं ३१ मार्च. फरक एवढाच की दुसरी दर वेळी मूळ तारखेपासून मोजते, आधीच्या उत्तरापासून नाही. मूळ तारीख कधी बदलत नाही, बदलतो तो किती महिने झाले हा आकडा.

कुणाकडून ॲप बनवून घेत असाल तर आणखी एक प्रकार तपासून घ्या. काही प्रोग्रामिंग भाषांमध्ये ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की उत्तर २८ फेब्रुवारी येत नाही, ३१ फेब्रुवारी असा नसलेला दिवस धरून ते पुढे ढकललं जातं आणि ३ मार्च येतं. जावास्क्रिप्टचं `setMonth` आणि पीएचपीचं `strtotime('+1 month')` असंच वागतात. परिणाम असा की त्या मुलाला फेब्रुवारीत बिलच जात नाही. बनवणाऱ्याला सांगा : ३१ जानेवारीची एक नोंद टाकून पुढच्या चार तारखा दाखव. २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे आल्या तरच पास. लीप वर्ष असेल तर पहिली २९.

हा सगळा खटाटोप टाळायचा एक साधा मार्गही आहे. कुणाचीही बिलाची तारीख २८ च्या पुढे ठेवायचीच नाही. २९, ३०, ३१ ला आलेल्याला उरलेल्या दिवसांचे पैसे लावून थेट १ तारखेवर घ्यायचं. पहिल्या पद्धतीनं चालणाऱ्या जागांनीही तेवढी सवलत स्वतःला द्यावी.

तिसरं कारण पैसे आले त्या दिवसापासून मोजणं. पैशांच्या दृष्टीनं सगळ्यात महाग हेच. ५ जानेवारीला आलेला मुलगा दर वेळी तीनच दिवस उशिरा भरतो आणि वहीत भरलेल्या तारखेपासून नवा महिना धरला जातो. मग त्याच्या भरण्याच्या तारखा होतात ५ जानेवारी, ८ फेब्रुवारी, ११ मार्च, १४ एप्रिल, १७ मे, २० जून, २३ जुलै, २६ ऑगस्ट, २९ सप्टेंबर, १ नोव्हेंबर, ४ डिसेंबर. मोजा : अकरा. वर्षभर खुर्ची अडवून त्यानं अकरा महिन्यांचे पैसे दिले, १,८०० रुपये बुडाले, आणि त्यात त्याची लबाडीही नाही. साठातले वीस जण असे असतील तर वर्षाचे ३६,०००.

पण म्हणून तारीख कधीच हलवायची नाही असंही नाही. प्रश्न एकच विचारायचा : त्या उशिराच्या दिवसांत खुर्ची त्याची होती का? होती, तर ते दिवस त्यानं वापरले, जुनी तारीख कायम. नव्हती, म्हणजे प्रवेश थांबवला होता, सामान बाहेर ठेवलं होतं, तर ते दिवस त्याचे नाहीत आणि भरलेल्या दिवसापासून नवा महिना धरणं रास्त. गूगल प्लेवरच्या सबस्क्रिप्शनचा नियमही असाच आहे. सवलतीच्या मुदतीत सेवा चालू असते, त्या मुदतीत पैसे भरले तर बिलाची तारीख तीच राहते. मुदत संपून खातं रोखलं गेलं आणि नंतर पैसे भरले, तर भरलेला दिवस नवी तारीख होतो.

सवलतीचे दिवस ठरवून भिंतीवर लावा. पाच दिवस पुरतात. पाचव्या दिवसापर्यंत खुर्ची त्याची, तारीख तीच. सहाव्या दिवशी खुर्ची मोकळी. दिवाळीत किंवा परीक्षेच्या आधी गावी जाणाऱ्याला सुट्टी द्यायची असेल तर तिला या नियमात घुसवू नका. सुट्टीचे दिवस पुढच्या बिलातून पैशात वजा करा, तारीख हलवू नका.

चौथं कारण घड्याळाचं, आणि ते फक्त ऑनलाइन प्रवेश घेणाऱ्यांना लागू. बरेच सर्व्हर भारतीय वेळेत नाही, यूटीसी या जागतिक वेळेत तारीख लिहितात, आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. म्हणजे पुण्यात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत झालेला प्रत्येक प्रवेश आदल्या दिवशीचा म्हणून नोंदला जातो. चोवीस तास उघड्या अभ्यासिकेत रात्री जागा घेणारी मुलं असतातच. १ ऑगस्टला रात्री एक वाजता घेतलेला प्रवेश ३१ जुलैचा ठरला, की एका दिवसाचे ५८.०६ वेगळे लागतात. सेटिंगमध्ये टाइमझोन `Asia/Kolkata` आहे का ते बघा, आणि तेवढ्यावर विसंबू नका. रात्री बारानंतर एक चाचणी प्रवेश घ्या आणि पावतीवरची तारीख वाचा.

वहीत नेमकं काय लिहायचं

प्रत्येक मुलासाठी चार गोष्टी लागतात : आला तो दिवस, बिलाचा ठरलेला दिवस, कुठल्या तारखेपर्यंतचे पैसे आले, आणि शेवटचे पैसे प्रत्यक्ष कधी आले. बहुतेक वह्यांत शेवटच्या दोनच असतात आणि सगळी गडबड तिथून होते. बिलाचा दिवस प्रवेशाच्या वेळी एकदा शाईनं लिहायचा. पैसे कधी आले हा रकाना फक्त बँकेशी ताळा करण्यासाठी आहे, पुढची तारीख काढताना त्याच्याकडे बघायचंच नाही.

आधीच सरकल्या असतील तर

जुनी वही हातात आली असेल तर प्रत्येक मुलाच्या पुढच्या शुल्काचा दिवस आणि त्याचा मूळ प्रवेशाचा दिवस शेजारी मांडा. फरक कसा आहे यावरून कारण कळतं. बरीच मुलं २८ वर जमली असतील आणि ती २९ ते ३१ च्या दरम्यान आलेली असतील, तर महिनाअखेरीची साखळी. फरक सगळ्यांचा मागच्या बाजूला आणि जितकी जुनी मुलं तितका जास्त असेल, तर तीस दिवस मोजले गेले. तारखा पुढे सरकून कशाही विखुरल्या असतील, तर भरलेल्या दिवसापासून मोजणी. नेमका एकच दिवस मागे आणि प्रवेश रात्रीचा, तर घड्याळ.

दुरुस्ती करताना पहिल्या दोन आणि चौथ्या प्रकारात चूक आपली आहे, मुलाला त्याची मूळ तारीख परत द्या. बारावर आलेल्या सतराच्या मुलाला पुढचं शुल्क १२ जुलैऐवजी १७ जुलैला मागा, मधले पाच दिवस त्याचेच होते. २८ वर अडकलेल्यामागे आपले जास्तीत जास्त तीन दिवस जातील. तिसऱ्या प्रकारात मागचे बुडलेले पैसे मागू नका, आपणच तशा पावत्या फाडल्या आहेत. आजची तारीख मान्य करा आणि तिथून पुढे ती पक्की करा.

सगळ्यांना एक तारखेवर आणायचं असेल तर तेही याच वेळी उरकून घ्या. ज्याचे पैसे १६ ऑगस्टपर्यंत आलेले आहेत त्याच्याकडून १७ ते ३१ ऑगस्टचे पंधरा दिवस, म्हणजे ८७०.९७ घ्यायचे आणि १ सप्टेंबरला पूर्ण १,८००. ज्याचे पैसे २४ पर्यंत आहेत त्याचे सातच दिवस उरतात, ४०६.४५ होतात, ते दहा दिवसांच्या सीमेत बसतात म्हणून सप्टेंबरसोबत एकदम २,२०६.४५. मॅन्डेटची कमाल मर्यादा २,५०० ठेवली असेल तर ही रक्कम तिच्यात मावते. १,८०० चीच असेल तर या एका वेळेपुरते पैसे क्यूआरवर घ्या आणि मॅन्डेटची पुढची वजावट १ ऑक्टोबरची लावा. निरोप निदान आठवडाभर आधी जाऊ द्या, आणि त्यात प्रत्येकाचे स्वतःचे दिवस आणि स्वतःची रक्कम लिहा. सगळ्यांना एकच संदेश पाठवलात तर तीस जण काउंटरवर येऊन ‘माझे किती?’ विचारतील.